रात्री दोन वाजता जागे कोण असते?

शुश्रूषा केंद्रात चौकशीसाठी येणारे बहुतेक फोन तीन-चार मिनिटांत संपतात. आईला डिमेन्शिया आहे, जागा आहे का, महिन्याला किती पडतील, डिपॉझिट परत मिळते का, जेवण कसे असते, भेटायला कधी येता येते. पलीकडची उत्तरेही ठरलेली असतात. जागा आहे, चोवीस तास सेवक आहेत, डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात, काळजी करू नका. मग एका रविवारी घरातली दोन-तीन माणसे जाऊन इमारत बघतात, बाग बघतात, देवघर बघतात, चहा घेतात आणि फॉर्म भरतात. या सगळ्यात दोन गोष्टी राहून जातात. आई खरोखर कशी आहे हे कुटुंबाने पूर्ण सांगितलेले नसते, आणि तिच्याजवळ नेमकी किती माणसे असणार हे केंद्राने पूर्ण सांगितलेले नसते.

दोघांनी झाकलेल्या या गोष्टी पुढे कुठे उघड्या पडतात हे सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन आणि ऑर्थोपेडिक वॉर्डांत दिसते. खुब्याचे हाड मोडून आलेली आजी, कमरेवर झोपून झोपून जखम झालेले आजोबा, घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया झालेली म्हातारी. सोबत आलेला सेवक कालच कामावर लागलेला असतो, त्याला रुग्णाचे पूर्ण नावही ठाऊक नसते. यात दर वेळी निष्काळजीपणा असतो असे नाही. पुष्कळदा फक्त माणसे कमी असतात, आणि ती कमी पडणार हे चौकशीच्या दिवशीच कळू शकले असते.

साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या वृद्धाश्रमांच्या नियमावलीत मात्र 'स्वतःची कामे स्वतः करू शकणाऱ्यांनाच प्रवेश' असे स्पष्ट लिहिलेले असते. ते आश्रम धडधाकट पण एकट्या पडलेल्या ज्येष्ठांसाठी उभे राहिले, त्यामुळे त्या नियमात गैर काही नाही. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदाही वृद्धाश्रमांबद्दल बोलतो तो मुख्यतः निराधारांसाठी, प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० जणांची सोय असावी अशा भाषेत. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला घेणारी जागा शोधायची म्हणजे खासगी केंद्रांचे दरवाजे ठोठवावे लागतात. तिथे एका रुग्णामागे किती माणसे असावीत हे कुटुंबाला स्वतःच विचारून घ्यावे लागते.

उदाहरण म्हणून एक घर समोर ठेवता येईल. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, सातारा जिल्ह्यातल्या एका गावात प्राथमिक शाळेत तीस वर्षे शिकवून निवृत्त झालेली. अल्झायमरचे निदान होऊन पाच वर्षे झाली. वडील गेल्यावर ती पुण्याला मुलाकडे आली. मुलगा आणि सून दोघेही नोकरी करतात, मुलगी नाशिकला. ब्युरोकडून आलेल्या तीन बायका वर्षभरात सोडून गेल्या आणि आता रात्रीची जागरणे सुनेच्या प्रकृतीवर उठली आहेत. मुलाने केंद्राला पाठवायचा मजकूर तयार केला. 'आई शांत स्वभावाची आहे. थोडा विसराळूपणा आहे. हाताने जेवते, चालते. रात्री कधी कधी उठते. सोबत एमआरआयचा रिपोर्ट जोडला आहे.'

यातला एकही शब्द धडधडीत खोटा नाही. पण या मजकुरावरून कोणालाच काही कळत नाही. एमआरआयमध्ये मेंदू किती आकसला हे दिसते. आंघोळीच्या वेळी किती माणसे लागतात हे त्यात दिसत नाही. सारखेच रिपोर्ट असलेल्या दोन बायकांपैकी एक दिवसभर खिडकीपाशी बसून राहते आणि दुसरी दिवसातून चाळीस वेळा दाराची कडी काढून बघते. निदान एकच असते, पण दुसरीला सांभाळायला लागणारे मनुष्यबळ कितीतरी जास्त असते.

मुलाच्या मजकुरातून काय गळले होते ते असे. आई हाताने जेवते, पण घास गालात धरून ठेवते. 'गिळ' असे सांगावे लागते आणि एका जेवणाला चाळीस मिनिटे लागतात. रात्री 'कधी कधी' नाही, रोज उठते, साधारण दीड ते तीनच्या मध्ये. शाळेची वेळ झाली म्हणून पिशवी शोधते आणि दाराकडे जाते. दोन महिन्यांपूर्वी एकदा जिन्यापर्यंत पोचली होती. संडास कुठे आहे ते सापडत नाही म्हणून खोलीच्या कोपऱ्यात बसते. वर्षभरात दोनदा पडली. आणि आंघोळीच्या वेळी मारते.

हे लिहायला मुलाचा हात धजावला नाही, आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे. एक तर प्रवेश नाकारतील ही भीती. दुसरे म्हणजे, जिने गावातल्या तीन पिढ्यांना अक्षर शिकवले ती कोपऱ्यात लघवीला बसते हे परक्या माणसाला लिहून देणे हा आईचा अपमान वाटतो. पण लपवून प्रवेश मिळवला तर पुढचा आठवडा कसा जातो ते ठरलेले आहे. तिसऱ्या रात्री आई दाराशी सापडते. पाचव्या दिवशी आंघोळ घालणाऱ्या मावशीला चापट बसते. मग केंद्राकडून फोन येतो, 'तुम्ही हे सांगितलं नव्हतं, घेऊन जा', किंवा तो फोनही येत नाही आणि गोळी सुरू होते.

मजकूर पुन्हा लिहिण्याआधी एक काम उरकायला हवे, ते म्हणजे डॉक्टरांना दाखवणे. त्रास पंधरा-वीस दिवसांत अचानक वाढला असेल तर तो आजार पुढे सरकल्यामुळे असण्याची शक्यता कमी. लघवीतला जंतुसंसर्ग, साचलेला मळ, नवे औषध, कमी झालेले सोडियम, कुठेतरी दुखणे, यांपैकी काहीतरी निघते आणि उपचाराने माणूस बऱ्याच अंशी पूर्वपदावर येतो. या घरात मारण्याचे कारण असेच निघाले. आईचा उजवा खांदा आखडलेला होता, मधुमेहात तो असा आखडतो. ब्लाउज काढताना हात वर केला की कळ जायची. ते शब्दांत सांगता येत नव्हते, म्हणून हात उगारला जायचा. पुढून उघडणारा गाऊन, आंघोळीआधी अर्धा तास पॅरासिटामॉल आणि डोक्यावर एकदम तांब्या न ओतता पायापासून पाणी घालत वर जाणे, एवढ्याने मारणे जवळजवळ थांबले. आधीच्या मजकुरात ती 'आक्रमक रुग्ण' म्हणून दाखल झाली असती.

दुसऱ्या वेळी घरच्यांनी निदानाऐवजी घड्याळ धरले. सुनेने आठवडाभर एका वहीत नोंद ठेवली आणि त्यावरून दोन पाने लिहून झाली. त्यातला काही भाग:

'सकाळी साडेसहाला उठते. उठल्याबरोबर संडासला न्यावे लागते, नाहीतर कपडे खराब होतात. दिवसा दर दोन तासांनी विचारून नेले तर डायपर लागत नाही, रात्री लागतो. आंघोळ दहा वाजता, एकाच बाईने घालावी, दोघी आल्या तर घाबरते. उजवा हात खांद्याच्या वर नेऊ नये. जेवण मऊ हवे. भाकरी आमटीत कुस्करून चालते, पातळ डाळ आणि पाण्याने ठसका लागतो. ताठ बसवून भरवावे, घास गिळला की नाही ते बघूनच दुसरा द्यावा. चाळीस मिनिटे लागतात. संध्याकाळी पाचनंतर घरी जायचे म्हणते, त्या वेळी वही-पेन दिले की अर्धा तास लिहीत बसते. रात्री दीड ते तीन या वेळेत रोज उठते. शाळेची वेळ झाली म्हणते. आज सुट्टी आहे, असे सांगून थोडे पाणी पाजून हाताला धरून आणले तर वीस मिनिटांत झोपते. अडवले तर ओरडते. डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजव्या बाजूने बोलावे. बाई म्हटले की लगेच ओ देते.'

या दोन पानांत गोळ्यांची यादीही आहे, मधुमेहाची, रक्तदाबाची, अल्झायमरची, वेळांसकट. पण केंद्राच्या दृष्टीने खरा मजकूर वरचाच. तो वाचून कोणत्याही जाणत्या व्यवस्थापकाला कळते की या बाईंना दिवसा जेवणाच्या वेळी आणि रात्री दीड ते तीनमध्ये एक माणूस लागणार आहे. पाण्याने लागणारा ठसका वाचून तो हेही विचारेल की घोट कसे देता, आणि गिळण्याची तपासणी झाली आहे का. ती झालेली नव्हती, मग करून घेतली.

आता दुसरी बाजू, माणसांची.

केंद्राच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते, '३० ज्येष्ठ, १२ प्रशिक्षित सेवक'. ऐकायला छान वाटते, अडीच माणसांमागे एक. पण बारा ही पगारपत्रकावरची संख्या आहे. आठवड्याची एक सुट्टी धरली तर बारा जण आठवड्यात ७२ पाळ्या करतात, म्हणजे दिवसाला दहाच्या आसपास. कोणी गावी गेलेले, कोणी आजारी, म्हणून रोज प्रत्यक्षात नऊ जण येतात. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या असतील तर दिवसा सहा आणि रात्री तीन. अडीच माणसांमागे एक असलेला सेवक रात्री दहा माणसांमागे एक होतो. यात फसवणूक केलेली नसते, पत्रकावरचा आकडा खराच असतो. फक्त तो वेगळ्या प्रश्नाचे उत्तर असतो.

म्हणून 'एकूण स्टाफ किती' हे विचारून फारसे हाती लागत नाही. विचारायचे ते असे: काल रात्री कामावर किती जण होते, त्यांतले जागे किती, आणि किती रहिवाशांसाठी? 'काल रात्री' हे शब्द महत्त्वाचे आहेत. 'साधारणपणे' असे विचारले की साधारण उत्तर मिळते. काल रात्रीचे उत्तर हजेरीच्या वहीत असते आणि ती वही दाखवायला चांगल्या केंद्राला अडचण नसते.

रात्री तीन सेवक पुरतात का, हे कामे मोजल्यावरच कळते. तीसपैकी चार जण पूर्ण अंथरुणावर आहेत असे धरू. त्यांना जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, आणि ते दोघांचे काम आहे. एकट्याने ओढत केले तर कातडी सोलवटते. दहा, बारा, दोन, चार अशा चार फेऱ्या, एकेकाला दहा मिनिटे, म्हणजे दोन सेवकांची दोन तास चाळीस मिनिटे. बारा जणांचे डायपर रात्रीतून दोनदा बदलायचे, तेही दोघांनी मिळून केले तर दहा-दहा मिनिटांचे चार तास. दोन सेवक रात्रीच्या आठ तासांपैकी सहा तास चाळीस मिनिटे हातमोजे घालून याच कामात. उरलेला एक जण बाकी सगळ्यांसाठी. त्यातच एखाद्याला ताप भरला आणि कोणाला रुग्णालयात न्यायची वेळ आली, तर सोबत एक सेवक जातो आणि कूस बदलणे थांबते. शिवाय बारा तासांच्या पाळीत तिघे आलटून पालटून दोन-तीन तास आडवे होतात, आणि ते अमानुष नाही, माणसाला झोप लागतेच. दीड वाजता पिशवी शोधत निघालेल्या बाईंना 'आज सुट्टी आहे' असे सांगणारे कोण उरले, हा प्रश्न मग कल्पनेतला राहत नाही.

जेवणाची गोष्टही अशीच मोजता येते. दहा जणांना भरवावे लागत असेल आणि प्रत्येकाला अर्धा तास धरला तरी तीनशे मिनिटे झाली. भरवणारे चार असतील तर सव्वा तास. 'आमच्याकडे साडेसातला ताटे मांडतो आणि आठला सगळे आवरते' असे अभिमानाने सांगितले जात असेल तर कोणीतरी घाईघाईने भरवले जात आहे किंवा कोणाचे ताट अर्धे परत जात आहे. घाईतला घास श्वासनलिकेत जातो. अर्ध्या ताटाचा परिणाम दोन-तीन महिन्यांत वजनात दिसतो. रहिवाशांचे वजन दर महिन्याला करतात का, आणि त्याची नोंद बघायला मिळेल का, हा साधा प्रश्न स्वयंपाकघर बघण्यापेक्षा जास्त काही सांगून जातो.

रात्री माणसे कमी असली की दोनच उपाय उरतात, बांधणे किंवा झोपवणे. बांधण्याबद्दल कायदा स्पष्ट आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आरोग्य आस्थापनांना घातलेल्या नियमांत असे म्हटले आहे की रुग्णाला किंवा इतरांना तत्काळ इजा होण्याचा धोका टाळण्याचा दुसरा मार्गच नसेल, तेव्हाच आणि मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने बांधता येते, आणि केवळ कर्मचारी अपुरे आहेत म्हणून बांधता येत नाही. कर्मचारी अपुरे असण्याचा उल्लेख कायद्यात मुद्दाम करावा लागला, यावरून ती सवय किती जुनी असेल ते दिसते. केंद्र या कायद्याखाली नोंदलेले असो वा नसो, 'तुमच्याकडे कोणाला पलंगाला बांधता का, कधी, कोणाला विचारून' हे थेट विचारावे. 'नाही हो, फक्त रात्री ओढणीने सैलसर' असे उत्तर आले तर ते हो आहे.

झोपवणे जास्त फसवे, कारण ते उपचारासारखे दिसते. क्वेटियापिन, रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल ही औषधे काही रुग्णांना लागतात. भयंकर भास होणारा, स्वतःला इजा करणारा रुग्ण त्यांच्याशिवाय सांभाळता येत नाही. पण स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांमध्ये त्यांनी पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो. २००५ साली अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी या गटातल्या नव्या औषधांवर तसा ठळक इशारा छापायला लावला, आणि पुढे जुन्या औषधांवरही. त्यातून येणारी सुस्ती दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकते, मग पाणी कमी प्यायले जाते, तोल जातो, घास नीट गिळला जात नाही. दार शोधणाऱ्या बाईला ही गोळी देणे म्हणजे न नेमलेल्या सेवकाचे काम औषधाकडून करून घेणे. ओळखायचे कसे? भेटीसाठी रविवारची संध्याकाळ न निवडता एखाद्या मंगळवारी सकाळी अकराला जावे. हॉलमध्ये बसलेल्यांपैकी निम्मे जण हनुवटी छातीला लावून पेंगत असतील, तर रात्री काय दिले जाते ते विचारावे. आणि चौकशीच्या पत्रातच लिहून ठेवावे की झोपेचे किंवा मन शांत करणारे नवे औषध सुरू करण्याआधी घरी कळवावे, कारण सांगावे आणि दोन-तीन आठवड्यांनी ते कमी करून बघावे.

सेवकांच्या संख्येइतकाच महत्त्वाचा असतो त्यांचा मुक्काम. स्मृतिभ्रंशात नाव लक्षात राहत नाही, पण ओळखीचा आवाज, स्पर्शाची पद्धत याची खूण मनात राहते. दर पंधरा दिवसांनी नवा चेहरा आंघोळीला आला की दर पंधरा दिवसांनी नवा झगडा. 'तुमच्याकडच्या सेवकांपैकी वर्षाहून जास्त काळ किती जण आहेत, आणि ब्युरोकडून रोजंदारीवर किती येतात' याचे उत्तर व्यवस्थापकाने न चाचरता दिले तर बरे. 'प्रशिक्षित' हा शब्दही जरा सोलून बघावा. नर्सिंगची पदवी-पदविका असलेली परिचारिका आणि सहा महिन्यांचा कोर्स केलेली सेविका यांत फरक आहे, आणि दोघींची गरज आहे. इन्शुलिन देणारी, जखम ओळखणारी परिचारिका रात्री असते का, की रात्री फक्त फोनवर मिळते, एवढे कळले तरी पुरे. भाषेचा प्रश्न तर कोणी विचारतच नाही. पुण्या-मुंबईच्या केंद्रांत परप्रांतातून आलेले कष्टाळू तरुण-तरुणी पुष्कळ आहेत आणि त्यांच्यावाचून ही केंद्रे चालणार नाहीत. पण मागाहून शिकलेली हिंदी या आजारात आधी विसरली जाते. रात्री दोन वाजता बाईंना कळणार ती मराठीच. त्या पाळीत निदान एकाला तरी ती यायला हवी.

इथे कुटुंबांनाही एक गोष्ट ऐकून घ्यावी लागेल. माणसे वाढवायची म्हणजे पैसे वाढणार, आणि फीवरून घासाघीस करणारेच नंतर सेवक कमी असल्याची तक्रार करतात. पण हा खर्च वाटतो तेवढा नसतो. रात्रीचा एक जास्तीचा सेवक रोज हजर ठेवायचा, तर साप्ताहिक सुट्टी आणि रजा धरून साधारण सव्वा ते दीड माणसाचा पगार लागतो. दरमहा पंधरा हजार पगार धरला तर वीस-बावीस हजार. तीस रहिवाशांत वाटले तर प्रत्येकी सातशे रुपयांच्या आसपास. अनेक केंद्रे हा आकडा कधी मांडतच नाहीत, कारण कोणी विचारत नाही. विचारतात ते एसी खोलीचे जास्तीचे पाच हजार.

पुण्याच्या त्या घराने दोन पानांचे पत्र आणि सोबत सहा प्रश्न तीन केंद्रांना पाठवले. काल रात्री किती जण जागे होते, भरवायला किती जण असतात, वजनाची नोंद, बांधणे, औषधे आणि सेवकांचा मुक्काम. पहिल्या केंद्राने उत्तरादाखल दरपत्रक पाठवले आणि 'सर्व सोयी उपलब्ध' असे लिहिले. दुसऱ्याने कळवले की रात्री फिरणारे रुग्ण सांभाळण्याइतकी माणसे त्यांच्याकडे नाहीत, त्यामुळे घेता येणार नाही. मुलाला वाईट वाटले, खरे तर तिन्हींपैकी सर्वांत सरळ उत्तर तेच होते. तिसऱ्या केंद्राच्या व्यवस्थापक बाईंनी फोन करून उलट प्रश्न विचारले. रात्री उठल्यावर चप्पल घालतात का? पिशवी कोणती शोधतात, ती घरी आहे का? दोनदा पडल्या त्या कुठे, बाथरूममध्ये की पलंगाजवळ? आई पडल्या तर पहिला फोन कोणाला, मुलाला की मुलीला, आणि कोणत्या रुग्णालयात न्यायचे?

त्यांच्याकडे बावीस रहिवासी होते आणि रात्री तीन सेविका, पैकी दोन कायम जाग्या. परिचारिका रात्री दहापर्यंत, नंतर फोनवर, हे त्यांनी आपणहून सांगितले. नाकातून नळीने भरवावे लागणारे रुग्ण आपण ठेवत नाही, ती वेळ आली तर दुसरी जागा बघावी लागेल, हेही आधीच सांगितले. खोली कोणती द्यायची यावर थोडी चर्चा झाली. मुलाला बागेकडची हवी होती. व्यवस्थापक बाईंनी सेविकांच्या टेबलासमोरची सुचवली, कारण पलंगावरून पाय खाली ठेवला की तिथून दिसते. सून ताबडतोब हो म्हणाली.

महिनाभर चाचणीचा करार झाला. पहिले चार दिवस सुनेने आंघोळीच्या वेळी जाऊन एकाच सेविकेला पद्धत दाखवायची, त्यासाठी केंद्राने त्या सेविकेची पाळी आठवडाभर सकाळचीच ठेवायची. चौदाव्या दिवशी आणि तिसाव्या दिवशी वजन, रात्री किती वेळा उठल्या याची नोंद आणि औषधांची यादी समोर ठेवून बसायचे. वजन दोन किलोपेक्षा जास्त उतरले किंवा नवे झोपेचे औषध लागले तर कोणी माणूस वाढवायचा आणि त्याचा खर्च कोणी द्यायचा, हे फॉर्मच्या मागच्या कोऱ्या पानावर हाताने लिहून दोघांनी सह्या केल्या. बाईंच्या सामानात जुनी कापडी पिशवी आणि दोन वह्या गेल्या, आणि टेबलाजवळच्या फलकावर खडूने लिहिले गेले: 'खोली ४. उजव्या कानाशी बोला. बाई म्हणा.'